नुकसान 10 लाखांचं, हातात साडेसात

«घराचा विमा 30 लाखांचा आहे, नुकसान 10 लाखांचंच झालं. मग पूर्ण पैसे का नाहीत?»

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने घर नव्यानं बांधायचा खर्च 40 लाख धरला असेल. म्हणजे विमा तीन चतुर्थांशच, आणि पॉलिसीत सरासरीचं कलम असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात: 10 × 30 ÷ 40, साडेसात लाख. बाकी जोखीम तुमची. विमा रकमेची तुलना होते ती नुकसानीच्या दिवशीच्या बांधकाम खर्चाशी. जुनीच रक्कम दरवर्षी पुढे रेटली की तूट आपोआप वाढते. गृहकर्जाची शिल्लक हीच विमा रक्कम ठेवण्याची चूक तर सर्रास होते! योग्य रक्कम काढायला बांधीव क्षेत्रफळाला आजच्या बांधकाम दरानं गुणा, त्यात राडारोडा हटवण्याचा खर्च मिळवा. जमिनीची किंमत नको, ती जळत नाही. काही पॉलिसी ठरावीक टक्क्यांपर्यंतची तूट माफ करतात, भारत गृह रक्षा ही घराची प्रमाणित पॉलिसी तर पूर्ण तूट माफ करते; ते कलम वाचून घ्या.