केकचा पंचनामा

आजीचा पंचाहत्तरावा वाढदिवस आणि माझा पहिला केक, दोन्ही एकाच दिवशी आले. मी पंधरा वर्षांची. घरात ओव्हन नाही, म्हणून जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरलं, त्यावर स्टँड, स्टँडवर केकचा डबा आणि वरून झाकण. दीड कप मैदा, एक कप दही. सगळं वहीत लिहिल्याप्रमाणे. फक्त खाण्याचा सोडा 'अर्धा चमचा' हे मला कंजुषीचं वाटलं. मी पोह्यांचा चमचा शिगोशीग भरला.

बाराव्या मिनिटाला झाकण उघडून पाहिलं. फुगत होता! पंधराव्या मिनिटाला आईला दाखवायला उघडलं. अठराव्याला फोटो काढायला. बाविसाव्याला मध्यभागी तळं झालं होतं.

"नजर लागली," आजी म्हणाली. बाबांच्या मते मैदा जुना होता.

मामा बांधकामावर सुपरवायझर आहे, पण कॉलेजात असताना दोन वर्षं रात्री बेकरीत काम करायचा. त्याने केक मधोमध कापला आणि पडलेला स्लॅब बघावा तसा चष्मा वर करून बघितला. कडेला मोठाली भोकं, मधे शिऱ्यासारखा ओला थर. मग एक कण जिभेवर ठेवून तोंड वाकडं केलं. "साबण. सोडा किती घातलास?"

मी चमचा दाखवला.

"दह्याच्या आंबटपणाला पुरेल एवढाच सोडा लागतो. उरलेला तसाच राहतो, म्हणून ही चव. आणि वायू जास्त झाला की बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. मोठ्या बुडबुड्याची भिंत पातळ, ती टिकत नाही. ही कडेची भोकं त्याचीच. पण मधलं तळं झाकणाचं."

"झाकणाने काय केलं?"

"अगं, फुगलेला केक म्हणजे सेंटरिंगवर उभा ओला स्लॅब. आतला वायू आणि वाफ हे टेकू. मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन घट्ट झाला की मग केक स्वतःच्या पायावर उभा राहतो. कडा आधी घट्ट होतात, मध्य सर्वात शेवटी. तू मध्य ओला असताना झाकण उघडलंस, गरम हवा गेली, आतला वायू आकसला. टेकू काढलेस की गं! अर्ध्या तासाआधी हात लावायचा नाही. मग सुरी मधोमध खुपसायची. कोरडी निघाली की उतरवायचा."

संध्याकाळी दुसरा केक चढला. सोडा मामाने स्वतः मोजला, चमचा सुरीने सपाट करून. झाकणावर वरवंटा ठेवला आणि स्टूल ओढून पहाऱ्याला बसला. मला स्वयंपाकघरात यायची बंदी.

विसाव्या मिनिटाला घरभर वेलचीचा वास सुटला आणि आतून आजीचा आवाज आला, "अरे, वरवंटा का उचललास?"

"नाही गं आई, जरा सरळ करत होतो."