‘सेव्ह करा’ ही स्लाइड प्रत्येक कॅरोसेलला चालत नाही

इन्स्टाग्रामच्या कॅरोसेलबद्दल, म्हणजे अनेक स्लाइडच्या पोस्टबद्दल, हा सल्ला नेहमी ऐकू येतो: “कॅरोसेलची शेवटची स्लाइड म्हणजे ‘सेव्ह करा’, विषय संपला. अल्गोरिदम सगळ्यात जास्त किंमत सेव्हलाच देतो. सेव्ह भरपूर आले म्हणजे पोस्ट चालली. आणि खात्री नसेल तर सेव्ह, शेअर, फॉलो तिन्ही लिहून मोकळे व्हा.”

आधी अल्गोरिदमचं बघू. हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. जून 2021 मध्ये इन्स्टाग्रामने आपली फीड कशी लावली जाते हे स्वतःच सांगितलं होतं आणि त्यात वाचकाच्या पाच कृतींवर बारीक लक्ष असतं असं लिहिलं होतं: पोस्टवर काही सेकंद थांबणं, कमेंट, लाइक, सेव्ह आणि प्रोफाइल फोटोवर टॅप करणं. तेच स्पष्टीकरण 2023 मध्ये सुधारून आलं तेव्हा त्या पाचांत सेव्हच्या जागी शेअर आलं होतं. एक्सप्लोरच्या भागात मात्र लाइक, सेव्ह आणि शेअर तिन्हींचा उल्लेख होता. पुढे जानेवारी 2025 मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी तीन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या: लोक किती वेळ बघतात, किती लाइक करतात आणि किती जण ती पोस्ट इनबॉक्समधून दुसऱ्याला पाठवतात. फॉलो करणाऱ्यांपर्यंत पोचायला लाइकचं वजन थोडं जास्त आणि अनोळखी लोकांपर्यंत पोचायला पाठवण्याचं जास्त, अशी फोडही त्यांनीच केली. म्हणजे ‘सगळ्यात जास्त सेव्हला’ हे वाक्य आज कोणी सांगत असेल तर तो जुन्या यादीवर बोलतोय.

आता यावरून लगेच सगळीकडे ‘शेअर करा’ लिहायला घेऊ नका. तीही तीच चूक होईल, फक्त शब्द बदलेल. शेवटची स्लाइड ठरवताना अल्गोरिदमच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या कॅरोसेलकडून आपल्याला नेमकं काय हवंय? हे मला एका कामात नीट कळलं, ते जरा सविस्तर सांगते.

कर्वेनगरमध्ये एक ताई शाडूच्या गणपतीची कार्यशाळा घेतात. मी त्यांच्या इन्स्टाग्रामचं काम बघते. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि कार्यशाळा रविवारी, 10 ऑगस्टला. जागा वीस. जुलैच्या मध्यात आम्ही आठ स्लाइडचं कॅरोसेल टाकलं. पहिल्या सहा स्लाइडमध्ये माती कशी मळायची, पाट कसा तयार करायचा, सोंड आणि हात कधी जोडायचे हे होतं, सातवीवर कार्यशाळेची तारीख-वेळ आणि आठवीवर मोठ्या अक्षरात ‘सेव्ह करून ठेवा’. पाच-सहा दिवसांनी ताईंचा फोन आला, “अगं, एवढ्या लोकांनी सेव्ह केलंय, मग फोन का येत नाहीत?” आकडे काढले. पोस्ट 2600 जणांपर्यंत पोचली होती, सेव्ह 140, शेअर 11 आणि नोंदणी फक्त चार.

त्या 140 जणांनी आपण सांगितलं तेच केलं होतं. सहा स्लाइडभर कृती शिकवली आणि शेवटी ती जपून ठेवा म्हणालो, तर लोकांनी कृती जपून ठेवली. घरी मूर्ती करायचं त्यांच्या डोक्यात बसलं, कार्यशाळेला जायचं नाही. आणि कार्यशाळेला यायचा निर्णय सहसा एकटं माणूस घेत नाही. आई मुलीला विचारते, मावशी भाच्याला, सोसायटीतल्या चौघी मिळून ठरवतात. तिथे पोस्ट एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाणं हाच नोंदणीचा रस्ता असतो. आम्ही तो रस्ताच दाखवला नव्हता.

मग आम्ही ते एक कॅरोसेल तोडून दोन केली. कार्यशाळेचं नवं कॅरोसेल पाचच स्लाइडचं: मागच्या वर्षीच्या मुलांचे मातीने भरलेले हात, त्यांनी केलेल्या मूर्ती, दिवसभरात काय काय होतं, काय सोबत आणायचं. शेवटच्या स्लाइडवर लिहिलं, ‘ज्याच्यासोबत बसून गणपती करायला आवडेल त्याला हे आत्ता पाठवा’, आणि त्याच स्लाइडवर खाली तारीख, वेळ, कर्वेनगर आणि नोंदणीचा नंबर. हे 3900 जणांपर्यंत गेलं, शेअर 96 आले, सेव्ह 22. चार दिवसांत जागा भरल्या. कार्यशाळा जवळ आली होती, त्याचाही यात वाटा आहे, सगळं श्रेय एका स्लाइडला देणं बरोबर होणार नाही. पण हजारामागे चार शेअरचे पंचवीसच्या आसपास झाले, हा फरक नुसत्या तारखेने पडला असं मला वाटत नाही.

सेव्ह भरपूर म्हणजे पोस्ट चालली, या मुद्द्याचं उत्तर इथेच आहे. पहिल्या पोस्टचे सेव्ह दुसरीच्या सहापटीहून जास्त होते आणि जिच्यासाठी पोस्ट टाकली ती गोष्टच झाली नाही. शिवाय सेव्ह ही खाजगी कृती आहे. कोणी सेव्ह केलं हे आपल्याला दिसत नाही, फक्त आकडा दिसतो. त्या माणसाने नंतर ते परत उघडलं की नाही हेही इनसाइट्समधून कळत नाही. सेव्हचा आकडा म्हणजे ‘हे मला पुढे लागेल’ असं तेवढ्या जणांना त्या क्षणी वाटलं, इतकंच.

पण ‘पुढे लागेल’ हेच जिथे हवंय तिथे सेव्हला पर्याय नाही. उरलेल्या कृतीचं आम्ही वेगळं कॅरोसेल केलं आणि त्यात वाळवण्याची स्लाइड वाढवली: मूर्ती सावलीतच वाळवायची, उन्हात ठेवली तर वरचा थर आधी सुकून आक्रसतो, आतली माती ओली राहते आणि तडे जातात. ही माहिती वाचणाऱ्याला आज लागत नाही, ज्या दिवशी तो माती घेऊन बसेल त्या दिवशी लागते. म्हणून शेवटच्या स्लाइडवर नुसतं ‘सेव्ह करा’ न लिहिता ‘माती आणाल त्या दिवशी हे उघडायचं आहे, आत्ताच सेव्ह करा’ असं लिहिलं आणि वर सगळी कृती सहा ओळींत परत दिली. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ताईंना मेसेज यायला लागले, ‘चौथ्या स्लाइडमध्ये म्हटलंय तसं केलं, तरी सोंडेजवळ बारीक तडा गेलाय, काय करू?’ लोकांनी ते खरंच परत उघडलं होतं, याची खूण मला त्या मेसेजमधून मिळाली. आकड्यातून ती मिळाली नसती.

तेव्हा मी आता दोन प्रश्न विचारते. हे वाचणाऱ्याला ही माहिती नंतर एखाद्या ठरावीक वेळी परत लागणार आहे का? तो क्षण मला नावानिशी सांगता आला (माती आणाल तेव्हा, बॅग भराल तेव्हा, रिटर्न भरायला बसाल तेव्हा) तर सेव्ह. हे वाचताना त्याच्या डोळ्यांसमोर एखादा माणूस येणार आहे का? तो माणूस मला सांगता आला तर शेअर. क्षणही सापडत नाही आणि माणूसही सापडत नाही, तर अडचण शेवटच्या स्लाइडची नसून कॅरोसेलच्या विषयाची असते.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही विषय लोक वाचतात, जपून ठेवतात, पण पाठवत नाहीत, कारण पाठवणं म्हणजे समोरच्याला ‘हा त्रास तुला आहे’ म्हटल्यासारखं होतं. वजन, कर्ज, मूळव्याध, मूल होण्यातल्या अडचणी. एखाद्या डॉक्टरांच्या अशा कॅरोसेलवर ‘मैत्रिणीला पाठवा’ लिहिलं तर बोट पुढे जात नाही. तिथे माणूस डोळ्यांसमोर आला तरी सेव्हच मागा.

तिन्ही लिहून मोकळं होण्याबद्दल. शेवटच्या स्लाइडपर्यंत मुळात थोडेच लोक पोचतात, आणि जे पोचतात ते आपले सगळ्यात उत्सुक वाचक असतात. त्यांच्यासमोर तीन कामं ठेवली की कुठलंच काम त्यांना आपलं वाटत नाही, कारण तिथे ना क्षण असतो ना माणूस, नुसती बटणांची नावं असतात. तिन्ही लिहिलेली स्लाइड हमखास सामान्य होते, कारण ‘माती आणाल त्या दिवशी’ आणि ‘भाचीला पाठवा’ ही दोन वाक्यं एकाच स्लाइडवर एकमेकांचं बोलणं तोडतात. दोन हेतू असतील तर आम्ही केली तशी दोन कॅरोसेल करा. फॉलोचं सांगायचंच असेल तर ते कॅप्शनमध्ये सांगा.

हेतू ठरला की बाकीच्या स्लाइडवरही त्याचा परिणाम होतो, हे बहुतेक जण विसरतात. सेव्ह मागत असाल तर पहिली स्लाइड तपासा. सेव्ह केलेल्या पोस्टच्या यादीत फक्त पहिल्या स्लाइडचा छोटा चौकोन दिसतो. त्यावर ‘या 5 चुका टाळा!’ असं असेल तर महिन्याने त्या माणसाला कळणारच नाही की आत शाडूची कृती आहे. ‘शाडूची मूर्ती घरी: मळण्यापासून वाळवण्यापर्यंत’ असं ठळक लिहिलं तर यादी खाली सरकवताना डोळा थांबतो.

शेअर मागत असाल तर शेवटची स्लाइड एकटी उभी राहिली पाहिजे. आपल्याकडे बरंच शेअरिंग स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या नाहीतर घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होतं. तो स्क्रीनशॉट शेअरच्या आकड्यात धरला जात नाही आणि त्याच्यासोबत आधीच्या चार स्लाइड जात नाहीत. तारीख, जागा, नंबर त्याच स्लाइडवर हवेत, ते यासाठी. खातं प्रायव्हेट असेल तर शेअर मागूच नका, कारण फॉलो न करणाऱ्याला ती पोस्ट उघडतच नाही.

आकडे बघताना सेव्ह आणि शेअर दोन्हींना किती जणांपर्यंत पोस्ट पोचली त्याने भागा आणि आपल्याच त्याच हेतूच्या जुन्या पोस्टशी तुलना करा. शेअरची पोस्ट दोन-तीन दिवसांत काय ते सांगून जाते. सेव्हच्या पोस्टला तो ‘परत लागण्याचा’ दिवस येऊन जाईपर्यंत थांबावं लागतं. शाडूच्या कॅरोसेलचा हिशेब आम्ही चतुर्थीनंतरच केला.

आणि तारीख असलेली शेअरची स्लाइड तारीख गेल्यावर तशीच ठेवू नका. पोस्ट एडिटमध्ये उघडली की त्या स्लाइडवर कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह येतं, तेवढी एक स्लाइड काढता येते आणि बाकीचं कॅरोसेल, त्याचे लाइक आणि कमेंट तसेच राहतात. ताईंनी 11 ऑगस्टला सकाळी ती काढली. वीसच्या वीस जागा भरून कार्यशाळा होऊन गेली होती, आणि तरीही आदल्या रात्री दोघांनी त्या नंबरवर फोन केला होता.