“दहा वर्षं पार्ट मिळतील” म्हणे!

कंपनीने बनवणं बंद केलेल्या गाडीवर घसघशीत सूट देताना विकणारे एकच वाक्य घोकतात: “काळजी करू नका, दहा वर्षं पार्ट मिळतील.” अहो, पण मागितल्यावर किती दिवसांत मिळतील ते कोण सांगणार?

ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, बेअरिंग यांची चिंता नसते. हे पार्ट बरेचदा त्याच कंपनीच्या इतर गाड्यांनाही बसतात आणि बाहेरच्या कंपन्याही बनवतात. गाडी अडते ती हेडलॅम्प, बंपर, दाराची काच यांच्यापाशी. त्यांचे साचे त्या एकाच मॉडेलचे. खपच नाही म्हटल्यावर बाहेरचा कोणी साचा करत नाही आणि मूळ पुरवठादार पुरेशा ऑर्डरी साचल्याशिवाय मशीन लावत नाही.

आता समजा, कोपऱ्यावर हलकासा धक्का बसून डावा एलईडी हेडलॅम्प फुटला. जुन्या हॅलोजनसारखा नुसता बल्ब बदलून भागत नाही, बहुतेक वेळा अख्खा लॅम्पच लागतो. काउंटरवर उत्तर येतं, “बॅक ऑर्डर”, म्हणजे आत्ता नाही, माल आला की देऊ. तारीख विचारली की खांदे उडवतात! मग भंगारात शोधा. तिथे डावा सापडला तर तो फेसलिफ्टच्या आधीचा निघतो आणि कनेक्टरच जुळत नाही. जुळलाच तर काही गाड्यांत त्याचं कंट्रोल मॉड्यूल कंपनीच्या सॉफ्टवेअरने कोड करावं लागतं, नाहीतर डॅशबोर्डवर एरर येते. नुसते बसवायचे कान तुटले असतील तर प्लास्टिक वेल्डिंगने काम होतं. लेन्सला तडा गेला असेल तर आत पाणी शिरतं, तिथे जुगाड चालत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी चासी नंबर घेऊन थेट पार्ट काउंटरवर जा. डावा हेडलॅम्प, पुढची काच, पुढचा बंपर, बाजूचा आरसा आणि चावी, एवढ्यांचा स्टॉक आणि यायला लागणारे दिवस लिहून मागा. टाळाटाळ झाली तर सूट कसली आहे ते कळलं.

चावी मुद्दाम म्हटलं. बऱ्याच गाड्यांत नवी चावी चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरशी जोडायला कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते. मोबाइल अ‍ॅप, नकाशे यांचंही तेच. 2022 मध्ये अमेरिकेत 3G नेटवर्क बंद झालं, तेव्हा अनेक चांगल्या चालत्या गाड्यांची आपोआप मदत बोलावण्याची सोय गेली, कारण सगळ्यांचे मोडेम बदलून मिळाले नाहीत. खप भरपूर असलेल्या गाड्यांचीही ही गत, मग मोजक्या विकल्या गेलेल्या मॉडेलसाठी कोण राबणार?

आणि विकताना तर संतापच होतो. जुन्या गाड्यांचा डीलर मीटर आणि रंग नंतर बघतो, आधी गाडी यार्डात किती दिवस उभी राहील याचा हिशेब करतो. गिऱ्हाईक कमी, म्हणून तो भाव पाडतो. वर तुम्हाला मिळालेली सूट त्यालाही ठाऊक असते, त्यामुळे घसारा तो छापील किमतीवरून नाही, सूट वजा जाता उरलेल्या किमतीवरून मोजतो. सूट दाखवून गाडी गळ्यात मारणाऱ्यांनी हा हिशेब विक्रीच्या दिवशीच समोर ठेवायला हवा. ठेवतो का कोणी?