कुलूप लावलं का? टिक!

दुकान छोटं म्हणजे कामंही थोडीच असतील असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा उघडायच्या नि बंद करायच्या कामांची यादी लिहून बघावी. माझा कागद पाठपोट भरला. काउंटरमागे टांगला आणि म्हटलं चला, डोक्याचा ताप गेला.

संध्याकाळी बघतो तर दुकान चालू, गिऱ्हाईक समोर उभं, आणि यादीत पार "शटर खाली"पर्यंत टिक मारून मोकळे! दुकानातला पोरगा म्हणतो, "दादा, रात्री घाईत राहून जातं ना, म्हणून आधीच मारून ठेवलं." आता याला काय बोलणार. मग जिथे जमेल तिथे टिकच्या जागी आकडा लिहायचा नियम केला. लगेच फ्रीजचं तापमान रोज 4 यायला लागलं, लाईट गेली होती त्या दिवशीसुद्धा 4.

पण खरी गंमत गल्ल्याची. पोरगा आधी मशीनमधून दिवसाचा रिपोर्ट काढायचा आणि मग नोटा मोजायचा, त्यामुळे गल्ला रोज पैशापैशाला जुळायचा, आणि तिथेच मला शंका आली. अहो, दिवसभर सुट्टे देणाऱ्या माणसाचा हिशोब कधीतरी पाचदहाने चुकणारच, रोज जुळतो म्हणजे उत्तर बघून गणित सोडवणं चाललंय. म्हणून क्रम फिरवला. आधी शटर अर्धं खाली, म्हणजे मोजताना मध्येच कोणी टपकत नाही. मग नोटा मोजून आकडा पेनाने लिहायचा, त्यानंतरच रिपोर्ट.

पहिल्याच रात्री फरक. सकाळी सुट्ट्यांसाठी ठेवलेले 2000, रोख विक्री 7450, वरखर्चाच्या चिठ्ठ्या 300 च्या, म्हणजे हवेत 9150. कागदावर 9000. पोरगा लगेच म्हणाला "परत मोजतो", आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की या वेळी बरोब्बर 9150 भरणार. मी म्हटलं, बाबा नोटा राहू दे, चिठ्ठ्या बघ. दुपारी माल उतरवणाऱ्याला दीडशे दिलेले, चिठ्ठीच नाही केली. तेव्हापासून पैसे बाहेर जायच्या आधी चिठ्ठी गल्ल्यात, हाही क्रम यादीत घुसला. (पाठपोट भरलेल्या कागदाला आता शेपूट जोडलंय.)

राहिली शेवटची ओळ, "कुलूप लावलं". ही टिक मारायची कशी? कागद आत, कुलूप बाहेर! आत उभं राहून टिक मारली तर ती थाप, आणि बाहेर जाऊन लावलं तर टिक मारायला परत उघडा. यावर आम्ही दोघांनी बराच वेळ गंभीर चर्चा केली, शेवटी ठरलं की कुलूप लावून, ओढून बघून त्याचा फोटो मला पाठवायचा. तो इमानदारीत पाठवतो. बायको परवा माझा फोन चाळत म्हणाली, "पोरांचे फोटो डिलीट केलेत जागा नाही म्हणून, आणि हे काय, कुलपं?"