व्हॅल्यू रिपीट झाली म्हणून लगेच ‘नाही’ लिहू नका

> “आयगेन व्हॅल्यू सगळ्या वेगळ्या असतील तर मॅट्रिक्स डायगोनलायझेबल. एक जरी रिपीट झाली तर डायरेक्ट ‘नाही’ लिहा. व्हेक्टर काढत बसू नका, टाइम जातो. सिमेट्रिक असली तरी हाच रूल.”

सेटच्या तयारीतल्या पोरांच्या ग्रुपवर हे आठवडाभर फिरतंय. नांदेडहून आलं, परभणीहून आलं, काल उदगीरच्या एका विद्यार्थिनीने वहीच पुढे ठेवली. गणित बरोबर, व्हॅल्यू बरोबर, आणि खाली ठळक ‘नाही’. उत्तर ‘हो’ होतं.

पहिलं वाक्य खरं आहे. n बाय n मॅट्रिक्सला n वेगळ्या व्हॅल्यू मिळाल्या की विषय संपला. फक्त त्या व्हॅल्यू तुमच्या फील्डमध्ये असल्या पाहिजेत. प्रश्नात ‘रिअलवर’ असं लिहिलेलं असेल आणि व्हॅल्यू i, −i आल्या, तर वेगळ्या असूनही उपयोग नाही.

खरी चूक दुसऱ्या वाक्यात आहे. ही मॅट्रिक्स घ्या, k कुठलीही संख्या:

```
2  k  1
0  2  1
0  0  5
```

वरची त्रिकोणी आहे, म्हणून व्हॅल्यू कर्णावरच दिसतात: 2, 2, 5. कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनॉमिअल (λ−2)²(λ−5). म्हणजे 2 ची अल्जिब्राइक मल्टिप्लिसिटी 2, आणि k काहीही ठेवला तरी ती 2 च राहते. आता कर्णातून 2 वजा करा:

```
0  k  1
0  0  1
0  0  3
```

k = 0 असेल तर तिन्ही ओळी एकमेकींच्या पटीतल्या, रँक 1. जॉमेट्रिक मल्टिप्लिसिटी म्हणजे 3 वजा रँक, इथे 2. दोन्ही आकडे जुळले. 2 चे व्हेक्टर (1,0,0) आणि (0,1,0), 5 चा (1,1,3). तीन स्वतंत्र व्हेक्टर हातात आहेत, मॅट्रिक्स डायगोनलायझेबल.

k = 1 करा. समीकरणं होतात y + z = 0 आणि z = 0, म्हणजे y सुद्धा शून्य. उरतो एकटा (1,0,0). रँक 2, जॉमेट्रिक मल्टिप्लिसिटी 1. एक व्हेक्टर कमी पडला, आता काहीही केलं तरी P ची इन्व्हर्स मिळणार नाही. k = 0.001 घेतला तरी हेच. ‘जवळपास शून्य’ इथे चालत नाही. पॉलिनॉमिअल तेच, व्हॅल्यू त्याच, उत्तर मात्र उलटं. मग नुसत्या व्हॅल्यू बघून ‘नाही’ कसं लिहिणार?

हा समज आला कुठून, याचा मला अंदाज आहे. सरावाची पहिली गणितं दोन बाय दोनची असतात, आणि तिथे हा नियम जवळपास खराच ठरतो. दोन्ही व्हॅल्यू λ असतील आणि मॅट्रिक्स डायगोनलायझेबल असेल, तर A = P(λI)P⁻¹ = λI. म्हणजे ती आधीपासूनच λI असली पाहिजे. असलं सोपं गणित कोण देतंय? त्यामुळे मुलांना दरवेळी ‘नाही’च दिसतं, आणि तीच सवय तीन बाय तीनला लागते.

टाइमचं म्हणाल तर व्हेक्टर काढायचेच नाहीत. रिपीट झालेल्या व्हॅल्यूपुरती A − λI ची रँक बघा, दोन-तीन ओळींचं काम आहे. एकदाच आलेली व्हॅल्यू तपासायचीच नाही, कारण जॉमेट्रिक कमीत कमी 1 असते आणि अल्जिब्राइकच्या वर जात नाही. वरच्या गणितात 5 साठी मी रँक काढली नाही ती यासाठीच. एक घोळ मात्र वहीवहीत दिसतो: आधी A वरच रो ऑपरेशन करायचं आणि मग व्हॅल्यू काढायच्या. रो ऑपरेशनने व्हॅल्यू बदलतात. आधी व्हॅल्यू, मग λ वजा, मग रो ऑपरेशन.

आणि सिमेट्रिकबद्दलचं वाक्य तर सरळ उलटं आहे. विद्यार्थिनीच्या वहीतलं गणित हेच होतं:

```
3  1  1
1  3  1
1  1  3
```

व्हॅल्यू 5, 2, 2. कर्णातून 2 वजा केले की सगळीकडे 1 च 1, रँक 1, जॉमेट्रिक 2. खरं तर एवढंही करायची गरज नव्हती. रिअल सिमेट्रिक मॅट्रिक्स कितीही व्हॅल्यू रिपीट झाल्या तरी डायगोनलायझेबल असतेच, हे प्रमेय आहे.

पण त्यातला ‘रिअल’ गाळू नका. ही सिमेट्रिकच आहे:

```
1   i
i  -1
```

हिचा वर्ग शून्य येतो, म्हणून दोन्ही व्हॅल्यू 0. रँक 1, जॉमेट्रिक 1. इथे ‘नाही’ बरोबर.