चोवीस फ्रेम्स आणि साठ हर्ट्झचं न जुळणारं गणित

«सिनेमा टीव्हीवर अडखळत दिसतो, कारण २४ फ्रेम्स आजच्या मोठ्या स्क्रीनला पुरतच नाहीत. १२० हर्ट्झचा टीव्ही घ्या, मोशन स्मूदिंग चालू ठेवा, काम झालं. ते २४ हर्ट्झ, सिनेमा मोड वगैरेच्या नादी लागू नका, स्क्रीन लुकलुकते आणि डोळे दुखतात.»

असा सल्ला दिला जातो, पण थिएटरातही सेकंदाला २४ फ्रेम्सच असतात आणि तिथला पडदा घरातल्या टीव्हीच्या कित्येक पट मोठा असतो. तरीही कॅमेरा सावकाश फिरला की दृश्य सलग सरकताना दिसतं. रिळाच्या प्रोजेक्टरच्या शटरला दोन किंवा तीन पाती असायची, म्हणून प्रत्येक फ्रेम पडद्यावर दोनदा किंवा तीनदा उमटायची. कितीही वेळा उमटली तरी प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला वेळ मात्र सारखाच यायचा.

घरी नेमकं हेच बिघडतं. ६० हर्ट्झचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने उमटवतो, त्या प्रत्येक वेळेला रिफ्रेश म्हणतात. ६० ला २४ ने भागलं की अडीच येतात, आणि अर्धा रिफ्रेश दाखवता येत नाही. त्यामुळे एक फ्रेम तीन रिफ्रेश टिकते, पुढची दोन, मग पुन्हा तीन. म्हणजे एक ५० मिलिसेकंद आणि दुसरी जेमतेम ३३. कॅमेरा एकाच वेगाने फिरत असतो, पण भिंतीची कड एकदा जरा जास्त थांबते आणि एकदा लवकर निसटते. ही लंगडी चाल सेकंदाला १२ वेळा होते आणि तिलाच जडर म्हणतात. कॅमेऱ्याचं सावकाश फिरणं आणि शेवटी वर सरकणारी नावं, या दोन ठिकाणी ती लगेच पकडता येते. कॅमेरा झपकन फिरला की येणारा तुटकपणा वेगळा. तो थिएटरातही दिसतो आणि रिफ्रेश रेट जुळवूनही जात नाही.

आपल्याकडे याचा पडताळा सहज मिळतो. भारतातलं टीव्ही प्रसारण ५० हर्ट्झचं आहे. त्यात २४ फ्रेम्सचा सिनेमा बसवण्याची जुनी रीत म्हणजे तो सेकंदाला २५ फ्रेम्सने पळवणं. मग प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन रिफ्रेश मिळतात. सिनेमा सुमारे चार टक्के लवकर संपतो, अडीच तासांचा १४४ मिनिटांत, पण चाल लंगडत नाही. तोच सिनेमा त्याच टीव्हीवर ६० हर्ट्झ पाठवणाऱ्या स्ट्रीमिंग स्टिकवरून लावला की अडखळतो. स्क्रीन तीच असते आणि फ्रेम्सही जवळपास तेवढ्याच, म्हणजे कारण फ्रेम्सच्या कमतरतेत नाही.

आता १२० हर्ट्झ. २४ पंचे १२०, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला पाच रिफ्रेश देता येतात, हे खरंच. पण स्टिक किंवा लॅपटॉप ६० हर्ट्झ पाठवत असेल, तर तीन-दोनची वाटणी सिग्नल निघतानाच झालेली असते. पॅनेलने ती नुसती दुप्पट केली तर सहा-चार, सहा-चार होतं आणि लंगडणं जसंच्या तसं राहतं. टीव्हीने ती वाटणी ओळखून मूळ २४ फ्रेम्स परत काढायला हव्यात. LG मध्ये Real Cinema आणि Sony मध्ये CineMotion ही सेटिंग्ज त्यासाठीच आहेत. तरी हा अंदाजाचा मामला असतो. स्टिकने मध्येच एखादी फ्रेम गाळली की टीव्हीची ओळख चुकते आणि थोडा वेळ हिसके बसतात. म्हणून मला दुरुस्ती उगमापाशी करणंच पटतं. Apple TV वर Match Content मध्ये Match Frame Rate चालू करा, Fire TV वर Match Original Frame Rate. सिनेमा सुरू होताना आणि संपताना स्क्रीन क्षणभर काळी होते. HDMI चा मोड बदलत असतो, बिघाड नव्हे. फक्त ॲपनेही याला साथ द्यावी लागते. काळी झालीच नाही, तर ते ॲप बहुधा ६० वरच चाललंय.

स्क्रीन लुकलुकण्याची भीती काचेच्या नळीच्या टीव्हीच्या काळातली आहे. त्या नळीत चित्र उमटून लगेच विझायचं, म्हणून कमी हर्ट्झ डोळ्यांना जाचायचे. एलसीडी आणि ओएलईडी पुढची फ्रेम येईपर्यंत चित्र धरून ठेवतात. शिवाय २४ हर्ट्झचा सिग्नल आला तरी टीव्ही आपलं पॅनेल त्याच्या पटीत, म्हणजे ४८, ९६ किंवा १२० वर चालवू शकतो. काही ६० हर्ट्झचे टीव्ही मात्र २४ चा सिग्नल घेतात आणि आतल्या आत पुन्हा तीन-दोनच करतात. तिथे मोड बदलूनही नावं तशीच अडखळत वर जातात, आणि त्यावर सेटिंगमध्ये इलाज नाही.

कॉम्प्युटरवर आणखी एक बारकी गोष्ट आड येते, आणि २४ हर्ट्झ लावूनही «काही फरक नाही» म्हणणारे बरेचदा इथेच अडलेले असतात. समजा लॅपटॉप HDMI ने टीव्हीला जोडलाय. आधी ffprobe या टूलने फाइलचा खरा वेग बघा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate -of default=nw=1:nk=1 film.mkv
```

उत्तर 24000/1001 आलं, तर वेग २३.९७६ आहे, पुरते २४ नाही. विंडोजमध्ये Advanced display उघडून रिफ्रेश रेट २४ ठेवलात, तर स्क्रीन फाइलच्या किंचित पुढे धावते आणि साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. अडीच तासांत असे दोनशेहून जास्त हिसके बसतात. यादीतला 23.976 Hz निवडा. विंडोज १० मध्ये तोच 23 Hz असाही दिसू शकतो. उत्तर 24/1 असेल तर मात्र २४ च बरोबर. टीव्ही २३.९७६ देतच नसेल, तर २४ वर ठेवून mpv या प्लेअरला असं सांगता येतं:

```
mpv --video-sync=display-resample film.mkv
```

मग सिनेमा आवाजासकट एक हजारांशाने जास्त वेगाने चालतो. कानाला तो फरक कळत नाही आणि हिसका नाहीसा होतो. साध्या मॉनिटरवर २४ सापडलाच नाही तर ४८, ७२, १२० किंवा १४४ यांतला जो असेल तो चालेल, कारण सगळे २४ च्या पटीत आहेत. काम करताना २४ वर राहू नका, माउसही सेकंदाला २४ वेळाच हलेल.

मोशन स्मूदिंगमध्ये टीव्ही दोन फ्रेम्सच्या मधल्या फ्रेम्स स्वतः बनवतो. चालणाऱ्या माणसाच्या पायांमागे जाळीचं कुंपण असेल तेव्हा बघा, पायांभोवतीचं कुंपण विरघळल्यासारखं हलतं. त्या फ्रेम्स कॅमेऱ्याने टिपलेल्या नाहीत आणि दिग्दर्शकाने पाहिलेल्याही नाहीत; सिनेमावर असं काही चढवणं मला अजिबात मान्य नाही. एक सवलत देतो. ओएलईडीचा पिक्सेल इतक्या पटकन बदलतो की समसमान २४ फ्रेम्सही काहींना टोचतात. त्यांनी स्मूदिंग सर्वांत खालच्या पायरीवर ठेवावं, पण आधी रिफ्रेश रेट जुळवून.

जुळवून म्हणजे फाइल जी असेल तिच्याशी. टीव्हीसाठी २५ फ्रेम्सने बनलेली मालिका २४ हर्ट्झवर लावली, तर दर सेकंदाला एक फ्रेम गळते आणि ६० पेक्षाही वाईट दिसते. तिला ५० हर्ट्झ द्या.