लग्नाच्या वाढदिवसाला सिलिंडर काढू नये

लग्नाच्या वाढदिवसाची पोस्ट लिहायला बसताना पहिली काळजी ही घ्या की तिच्यात तुमची बायको येता कामा नये. बायकोचा फोटो चालेल, नाव चालेल, नावापुढे लाल बदाम चालतील. पण ती स्वतः, म्हणजे जी कुकरची तिसरी शिट्टी झाली की बाथरूममधून ओरडते ती, पोस्टमध्ये शिरली की सगळा घोळ होतो.

आदर्श पोस्ट कशी असते ते पाहा. ‘तू माझ्या आयुष्यात आलीस आणि आयुष्याला अर्थ मिळाला. सुखदुःखाच्या प्रत्येक क्षणी खंबीरपणे साथ दिलीस. सात जन्म तूच हवीस. हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी, माय बेटर हाफ.’ याच्यावर तुमच्या बायकोऐवजी शेजारच्या कुलकर्णींच्या बायकोचं नाव घाला. काही बिघडतं का? मुळीच नाही. हीच तर खुबी आहे. असा मजकूर दरवर्षी वापरता येतो, धाकट्या भावाला उसना देता येतो आणि बायको तो वाचत नाही. अंगठा दाखवून ती भाजी निवडायला जाते. घरात शांतता राहते.

आमच्या ओळखीच्या एका डोंबिवलीकर गृहस्थांना मात्र दुर्बुद्धी सुचली. वरचा मजकूर त्यांचाच. ‘सुखदुःखाच्या प्रत्येक क्षणी’ असं लिहून ते थांबले आणि स्वतःलाच विचारू लागले, कोणत्या क्षणी? हा प्रश्न फार घातक. पोस्ट लिहिताना तो पडू लागला तर ताबडतोब मोबाइल खाली ठेवावा आणि फेरफटका मारून यावा. ते बसून राहिले आणि त्यांना सिलिंडर आठवला.

लग्नानंतरची पहिली दिवाळी. रात्रीचे नऊ. चकल्यांचा निम्मा घाणा झालेला, निम्म्या भाजणीचा गोळा परातीत, आणि गॅस संपला. घरी एकच सिलिंडर. मोठी वहिनी राहायची स्टेशनपलीकडे पश्चिमेला, तिच्याकडे भरलेला जास्तीचा होता. आणताना रिक्षावाल्यांनी सिलिंडर पाहून मान हलवली. मग दोघांनी तो हातात धरून पादचारी पुलावरून पूर्वेला आणला. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलोचा असतो, आणि रिकामी टाकी जवळपास तेवढीच भरते. म्हणजे तिशीच्या आसपास वजन, वरच्या कड्याला दोन माणसांचे दोन हात, आणि त्या दोन माणसांच्या उंचीत चांगला वीतभर फरक. सिलिंडर बुटक्या बाजूला कलणार हे उघड आहे. बुटकी बाजू म्हणजे नवी नवरी.

आता अशा आठवणीचं काय करायचं? शहाणा माणूस ती ‘अनेक अडचणींवर मात करत’ या चार शब्दांत पुरून टाकतो. गृहस्थांनी लिहायला घेतली. तरीही पहिल्या खर्ड्यात त्यांचं डोकं ठिकाणावर होतं. त्यांनी लिहिलं: ‘त्या रात्री मी भरलेला सिलिंडर उचलून पूल ओलांडला, आणि तू माझ्या सोबत होतीस.’ वा! हे वाक्य जपून ठेवण्यासारखं आहे. आठवण खरी, सिलिंडर खरा, आणि वजन मात्र सगळं नवऱ्याच्या हातात. पोस्ट बायकोसाठी असली तरी तिच्यातला नायक कोण, हे वाचणाऱ्याला नीट कळायला हवं.

शेवटी त्यांनी आणखी एक ओळ जोडली होती: ‘तेव्हाच कळलं, संसाराचं ओझं दोघांनी मिळून उचललं की हलकं होतं.’ ही ओळ तर कोणत्याही परिस्थितीत काढू नका. ती नसली तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नुसता पूल आणि सिलिंडर उरेल, आणि सिलिंडर म्हणजे संसार हे त्याचं त्यालाच समजावं लागेल. आपल्या नातेवाइकांवर इतका भार टाकू नये. शिवाय भरलेला सिलिंडर दोघांनी उचलला तरी हलका होत नाही, हे ज्याने उचललाय त्याला माहीत असतं. तो ही ओळ वाचून हसला तर हसू द्या.

गृहस्थांनी दोन्ही वाक्यं खोडली. एवढ्यावरही भागलं असतं. पण मग ते अशा गोष्टी आठवू लागले ज्या त्यांच्या बायकोशिवाय कुणी केल्याच नसत्या. तिने ओढणीची चौघडी करून कड्याला गुंडाळली होती, हात कापू नये म्हणून. आणि ती फक्त स्वतःच्या बाजूला. पुलाच्या मधल्या टप्प्यावर सिलिंडर खाली टेकवून ती म्हणाली होती, ‘बायोडेटात तुझी उंची वाचली तेव्हाच मी विचार करायला हवा होता.’ घरी आल्यावर तिने जोडणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं आणि मगच काडी ओढली. त्यानंतर मात्र तिचा धीर सुटला. तेल पुरतं तापायच्या आत तिने चकल्या सोडल्या, त्या तेल प्यायल्या आणि वातड झाल्या. सासूबाई म्हणाल्या, ‘बरं झालं, माझ्या दातांना सोयीच्या झाल्या.’

यातलं बरंचसं वगळायला हवं होतं हे तुमच्यासारख्या सुज्ञांना सांगायला नको. पण त्यांनी वगळल्या त्या नको त्या गोष्टी. साबणाचं पाणी काढलं, का तर म्हणे पोस्ट पुलावरची आहे. सासूबाईंचं वाक्य काढलं. ते इतकं झकास आहे की ते ठेवलं तर लोक सासूबाईंनाच शुभेच्छा देतील. वातड चकल्यांबद्दल बायकोला आधी विचारलं. ती म्हणाली, ‘नातेवाइकांसमोर माझ्या चकल्या काढायच्या नाहीत.’ त्यांनी मुकाट्याने त्याही काढल्या. परवानगी घेऊन पोस्ट लिहिणारा नवरा! असल्या लोकांमुळेच बाकीच्यांवर दबाव येतो.

शेवटी उरलं ते असं: ‘पहिल्या दिवाळीत आपण वहिनीकडून सिलिंडर आणला. तू बुटकी म्हणून तो सारखा तुझ्याकडे कलत होता. पुलावर तू म्हणालीस, बायोडेटात तुझी उंची वाचली तेव्हाच मी विचार करायला हवा होता. अजूनही पिशवी दोघांत धरली की मी हात खाली घेतो.’

ना जन्म, ना साथ, ना बेटर हाफ. प्रेम हा शब्दसुद्धा नाही. फोटोही कुठल्या हॉटेलातला केकवाला नव्हता, कारण त्या रात्री फोटो कोण काढणार? त्यांनी पुलाचा परवाच्या दुपारचा फोटो टाकला, ज्यात दोघंही नाहीत.

परिणाम व्हायचा तोच झाला. ‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ असं दरवर्षी नेमाने लिहिणाऱ्या आत्याबाई या वर्षी अडकल्या. एका मावसभावाने स्वतःचा फ्रीज जिन्यावरून चढवल्याची हकीकत लिहिली. कुणी तरी विचारलं, वहिनीचा सिलिंडर परत केला का? आणि बायकोने पोस्ट वाचली. नुसती अंगठा दाखवून गेली नाही, शेवटपर्यंत वाचली, आणि खाली सगळ्यांच्या देखत लिहिलं: ‘गॅसचा नंबर लावायला कोण विसरलं होतं तेही लिही.’

मूळ पोस्टपेक्षा त्या ओळीला जास्त बदाम पडले. गृहस्थांनी निमूटपणे पोस्ट उघडली आणि पहिल्या वाक्याच्या आधी एक वाक्य घातलं: ‘नंबर लावायला मी विसरलो होतो.’ तुमच्या ‘सात जन्मां’त असली दुरुस्ती करायला कुणाला जागाच मिळणार नाही.